इंटिरियरचं बिल ६.४० वरून ८.५० लाखांवर गेलं. चॅटमध्ये आम्ही खरंच "हो" म्हटलंय का?

माडाखाली

नमस्कार. पावसजवळ आमचं जुनं घर आहे, जांभ्याच्या चिऱ्यांचं. आई तिथे एकटी असते, मी ठाण्यात आणि भाऊ पुण्यात. यंदा गणपतीआधी घर आतून नीट करून घ्यायचं ठरलं. कॉन्ट्रॅक्टर रत्नागिरीचा, ओळखीतून मिळालेला. मी, भाऊ आणि तो असा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि सगळं बोलणं तिथेच झालं.

१४ फेब्रुवारीला त्याने कोटेशन पाठवलं, एकूण ६,४०,०००. किचन २,१०,०००, दोन कपाटं १,६०,०००, सीलिंग ७५,०००, टीव्ही युनिट आणि देवघर ६५,०००, रंग ९०,०००, वायरिंग ४०,०००. पैसे चार टप्प्यांत द्यायचे होते: ३०, ४०, २० टक्के आणि काम ताब्यात आल्यावर शेवटचे १०. पहिले तीन टप्पे, म्हणजे ५,७६,००० मी वेळेवर दिले. माझ्या हिशोबाने ६४,००० राहिले.

गणपती झाल्यावर बिल आलं ८,५०,००० चं. वाढीव २,१०,००० असे: प्लाय बदलल्याचे ५८,०००, कपाटांवरच्या माळ्यांचे ४६,०००, सीलिंगचं माप वाढलं म्हणून १७,०००, ओल आलेल्या भिंतीच्या ट्रीटमेंटचे ६१,००० आणि "मटेरियल दरवाढ" २८,०००. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, सगळं लेखी झालंय." आणि खरंच त्याने आमच्या चॅटची प्रिंट काढून पाठवली, जागोजागी पिवळं केलेली.

मी दोन रात्री वाचतेय. साधारण अकराशे मेसेज आहेत. काही ठिकाणी माझं "हो" दिसतंय आणि मला ते आठवतच नाही. काम चांगलं झालंय, आई किचनवर खूश आहे, मला त्याचा एक रुपया बुडवायचा नाही. पण जे मी मान्य केलंच नाही ते कसं देऊ? असं चॅट नेमकं कसं वाचायचं?

दर्यावर्दी७

ताई, सरळ सांगतो. स्टँप पेपरवर नाही म्हणजे काहीच नाही. व्हॉट्सॲपला कोर्टात किंमत नसते. ६४ हजार द्या आणि नंबर ब्लॉक करा.

मोजपट्टी

ब्लॉक अजिबात करू नका. ते चॅट जसं त्याचा पुरावा आहे तसा तुमचाही आहे.

मी तीस वर्षं सरकारी बांधकामांची मोजमाप पुस्तकं लिहिली, निवृत्तीनंतर ओळखीच्यांची बिलं तपासून देतो. मला एक सांगा, त्याने पाठवलेली प्रिंट ही फोनच्या पडद्याचे फोटो आहेत की नुसत्या ओळी, तारीख-वेळ-नाव-मजकूर अशा? आणि तुम्ही दोन रात्री जे वाचताय ते फोनवर की त्या कागदावर?

माडाखाली

नुसत्या ओळी आहेत. आणि हो, मी कागदच वाचतेय, फोनवर इतकं मागे जाणं जिवावर येतं. ५८ हजारांची जागा अशी आहे:

```
06/03/25, 7:31 pm - कॉन्ट्रॅक्टर: <Media omitted>
06/03/25, 7:38 pm - कॉन्ट्रॅक्टर: ताई किचनला आणि कपाटांना 710 प्लाय घालूया, समुद्र जवळ आहे. 58000 वाढतील
06/03/25, 7:52 pm - माडाखाली: हो चालेल
```

हे वाचल्यावर मी काय बोलणार?

मोजपट्टी

आता फोनवर ६ मार्चला जा आणि त्या "हो चालेल"च्या वर राखाडी चौकटीत दुसरा मेसेज दिसतोय का ते बघा.

कारण सांगतो. ही प्रिंट `Export chat` करून काढलेली आहे. त्या फाइलमध्ये मजकूर येतो, पण कुठला रिप्लाय कुठल्या मेसेजला होता ते येत नाही. आपण मेसेज सरकवून उत्तर देतो ना, तो धागा फाइलमध्ये तुटतो आणि उत्तर नुसतं वेळेच्या क्रमाने खाली येऊन बसतं. वाचणाऱ्याला वाटतं की ते लगेच वरच्या ओळीचं उत्तर आहे. मेसेजवर दाबून दिलेला अंगठा किंवा बदामही त्या फाइलमध्ये येत नाही. फोटो आणि आवाजाच्या जागी `<Media omitted>` येतं. तेव्हा कागद हा फक्त शोधायला, निकाल फोनवर बघून द्यायचा.

गजाली_कुडाळ

बाय, रत्नागिरीचो कशाक? आमच्या कुडाळात एक सुतार असा, काम एकदम फस्क्लास. नंबर व्हयो तर व्यनि कर.

सुतारपक्षी

गजालीनू, काम झालेलं आहे त्यांचं. बिलाचा प्रश्न आहे.

माडाखाली

मोजपट्टी काका, फोनवर बघितलं. माझं "हो चालेल" हे ७:३१ च्या फोटोला दिलेलं आहे! लॅमिनेटच्या रंगाचा फोटो होता तो. प्लायच्या मेसेजला मी उत्तरच दिलेलं नाही. म्हणजे ५८ हजार सुटले ना?

मोजपट्टी

इतक्यात नाही. त्याने कागदावर जे पिवळं केलं ते चुकीचं निघालं, एवढंच सिद्ध झालं. आता ६ मार्चपासून पुढचे दहा-पंधरा दिवस फोनवर सलग वाचा आणि प्लायबद्दल तुम्ही किंवा भावाने काही लिहिलंय का ते जसंच्या तसं इथे टाका. तुमच्या बाजूचं नसलं तरी टाका.

दर्यावर्दी७

आणखी एक तपासा. कॉन्ट्रॅक्टर मागाहून मेसेज एडिट करून आकडे घालतात. ५८ हजार त्याने नंतर घुसवले असतील.

सुतारपक्षी

तसं होत नाही हो. मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटांतच बदलता येतो, आणि बदलला तर खाली `Edited` असं दिसतं. महिन्यांनंतर कोणी आकडा बदलू शकत नाही.

मोजपट्टी

बरोबर. पण दर्यावर्दींची शंका अगदी टाकाऊ नाही. फोनवरचं बदलता येत नाही, पण एक्सपोर्ट केलेली फाइल ही साधी मजकुराची फाइल असते, ती कोणीही उघडून ओळ खोडू शकतो. म्हणून त्याच्या कागदावर न जाता स्वतःच्या फोनवरून स्वतः एक्सपोर्ट करा आणि शंकेच्या ओळी ताडून बघा.

माडाखाली

खरं ते लिहिते. ११ मार्चला मी लिहिलंय: "प्लाय आला की ७१० चा शिक्का दिसेल असा फोटो टाका." त्याने फोटो टाकला, शिक्का आणि आयएसआयचा नंबर दिसतोय. त्यावर माझं उत्तर: "छान, लागा कामाला."

आता मला आठवतंय. कोणीतरी सांगितलं होतं की खाऱ्या हवेत साधा प्लाय फुगतो, म्हणून मीच हट्टाने शिक्का बघितला होता.

मोजपट्टी

मग ५८ हजार तुम्ही मान्य केले आहेत, माझ्या मते. "हो" हा शब्द ६ तारखेला नाही, पण ११ तारखेला तुम्ही ७१० च मागताय. त्याने प्लाय आणि आकडा एकाच मेसेजमध्ये लिहिला होता. प्लाय घेतला आणि आकडा वाचलाच नाही असं म्हणता येणार नाही. शिवाय आकडा काम होण्याआधी सांगितलेला आहे आणि ठोक आहे. आता "किती शीट लागल्या दाखव" म्हणून तो परत उकलायला जाऊ नका, ती वेळ मार्चमध्ये होती.

बिलं तपासताना मी प्रत्येक वाढीव आयटमला हेच विचारतो: काम कोणी मागितलं, आकडा कोणी आणि कधी सांगितला, आणि तो सांगितल्यावर समोरच्याने काय केलं. काम मागणं एक आणि आकडा मान्य करणं दुसरं. बहुतेक भांडणं ही दोन एकत्र धरल्याने होतात.

शोध मारून वाचू नका असंही सांगेन. "वाढतील" शोधाल तर तो कधी "vadhtil" लिहितो, कधी "jast hoil", आकडा कधी ५८०००, कधी ५८के. आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे आपलं "बघू", तो कोणी शोधतच नाही.

माडाखाली

"बघू" आहे काका. भिंतीच्या बाबतीत. २९ मेला त्याने लिहिलं, "मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे, ट्रीटमेंट केल्याशिवाय रंग टिकणार नाही, अंदाजे ३०-३५ होतील." मी लिहिलं, "बघू, भावाशी बोलते." पुढे त्यावर माझा एकही मेसेज नाही. आणि बिलात ६१,०००.

माळ्यांचं मात्र मीच मागितलं होतं. १७ एप्रिलला: "दोन्ही कपाटांवर माळे पण करून द्या." तो: "हो ताई करतो." पैशांचा विषय दोघांनीही काढला नाही. सीलिंगचं मला काहीच माहीत नव्हतं. दरवाढीचा शब्द सगळ्या चॅटमध्ये कुठेच नाही, फोनवर दोनदा वाचलं.

केळशीकर

आमच्याकडे दापोलीत बिल्डरने पार्किंगचे पैसे असेच मागाहून लावले. रेराला तक्रार केली. तुम्हीही महारेराला जा.

कोर्टाची_पायरी

केळशीकर, महारेरा बिल्डर आणि त्याच्या प्रकल्पातल्या खरेदीदारासाठी आहे. स्वतःच्या जुन्या घरात कोणाकडून काम करून घेतलं तर तिथे जाता येत नाही. तसंच भांडण झालं तर ग्राहक आयोग. जिल्हा आयोग रत्नागिरीलाच आहे आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. पण इथे अजून ती वेळ आलेली दिसत नाही.

मी वकिली करते. दर्यावर्दींच्या मुद्द्याबद्दल दोन शब्द. असल्या कामाच्या कराराला स्टँप पेपर लागतोच असं नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, एवढंच काय तोंडी बोलणंही करार होऊ शकतं, प्रश्न सिद्ध करण्याचा असतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने करार नाकारता येत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्येच आहे.

तरीही त्यांचं थोडं खरं आहे, कारण नुसती प्रिंट कोर्टात पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खाली प्रिंटसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुन्या कायद्यात हे ६५ब होतं. जालन्याच्या एका निवडणुकीच्या वादात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, नाहीतर ते हवंच. म्हणून ताई, हा फोन विकू नका, रीसेट करू नका, आणि ग्रुपमध्ये `Disappearing messages` चालू असेल तर आधी बंद करा.

आता "बघू". करार कायदा १८७२ चा आहे, त्याचं कलम ७ म्हणतं की होकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. "बघू, भावाशी बोलते" हा कुठल्याच अर्थाने होकार नाही. निळ्या खुणांवरून फक्त वाचलं एवढं कळतं. पण त्याच कायद्यात कलम ७० आहे: कोणी फुकट करायच्या हेतूने नव्हे असं काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. भिंत तुमचीच आहे आणि ट्रीटमेंट झालेली आहे. म्हणून ६१ नाकारता येतील, शून्य म्हणता येईल असं मला वाटत नाही.

सुतारपक्षी

मी चिपळूणला हेच काम करतो, माझी बाजूही ऐका. पार्टी ठाण्या-मुंबईत, साइटवर म्हातारी माणसं. भिंतीचं प्लास्टर खरवडलं की आत काय आहे ते तेव्हाच कळतं. मेसेज टाकला तर दोन दिवस उत्तर नाही, आणि माझी चार माणसं बसून राहतात, त्यांची हजेरी मला द्यावीच लागते. मग आपण घरच्यांना विचारतो, ते "करा हो" म्हणतात, आपण करतो. यात फसवणूक नसते. गणपतीची तारीख तर कोणासाठी थांबत नाही.

पण २८ हजार दरवाढीचे बिलातच पहिल्यांदा लिहिले असतील तर ते चूक आहे. भाव वाढला तर त्या दिवशी दुकानदाराच्या बिलाचा फोटो टाकायचा, एवढं तर करता येतं.

ताई, तुमच्या आईंशी बोललात का? आणि चॅटमधले आवाजाचे मेसेज ऐकलेत का? आम्ही मिस्त्री लोक हात सिमेंटचे असताना लिहीत नाही, बोलतो.

माडाखाली

व्हॉइस नोट्स! कागदावर त्या सगळ्या `<Media omitted>` होत्या, मी फोटो समजून सोडून दिल्या. एकूण तेवीस निघाल्या, आज रात्री सगळ्या ऐकते.

माडाखाली

ऐकल्या. २ जूनची एक आहे, १ मिनिट १४ सेकंदांची. शब्द उतरवून काढले: "ताई, आईंशी बोललो, त्या म्हणाल्या करून टाका. खालपर्यंत प्लास्टर काढायला लागतंय, चिरा सुटलाय दोन ठिकाणी, साठेक होतील, चालू करतो."

माइकची खूण निळी आहे, म्हणजे मी तेव्हा ऐकली होती. लोकलमध्ये अर्धवट ऐकली असेल, आता आठवत नाही. आणि ४ जूनला मी लिहिलंय: "आईला धुळीचा त्रास होतोय, प्लास्टरचं लवकर आटपा."

आईला फोन केला. ती म्हणते, "त्याने विचारलं भिंत करू का, मी म्हटलं करा. पैशाचं माझ्याशी काही बोलला नाही."

दर्यावर्दी७

म्हणजे "साठेक" त्याने सांगितले होते. ताई, हे कठीण झालं.

कोर्टाची_पायरी

कठीण झालं हे खरं, पण संपलं नाही. ४ जूनच्या मेसेजवरून काम चालू आहे हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही थांबवलं नाही, हे दिसतं. साठ हजारांना तुम्ही मान्यता दिली, हे दिसत नाही. आईंनी काम मान्य केलं, आकडा त्यांना सांगितलाच नव्हता. मी उद्या समोरच्या बाजूची वकील असते तर म्हटलं असतं की आकडा ऐकून दोन दिवसांनी ज्या बाईने "लवकर आटपा" लिहिलं तिचा होकारच आहे.

मोजपट्टी

मला ते पटत नाही. लेखी "३०-३५", त्याला उत्तर "बघू". मग आवाजात त्याच्या दुप्पट, आणि शेवटी "चालू करतो". त्याने विचारलंच नाही, कळवलं. विचारलं नसेल तर गप्प राहण्याला होकार कसा म्हणायचा?

सुतारपक्षी

कळवलं तेव्हा "थांबा" म्हणायला काय हरकत होती? आमच्यासाठी ते उत्तरच असतं.

एक मात्र विचारा त्याला. जूनमध्ये जांभ्याची भिंत पावसाने पिऊन बसलेली असते, त्यावर वॉटरप्रूफिंगचा हात धरत नाही. मी स्वतः असलं काम मार्च-एप्रिलमध्येच घेतो. आत्ता रंगावर कुठे फुगा आलाय का, पांढरी भुकटी सुटतेय का, ते आईंना बघायला सांगा.

माडाखाली

आई म्हणते खाली कोपऱ्यात हाताएवढ्या जागेत रंग फुगलाय. फोटो मागवलाय.

मोजपट्टी

तो फोटो ग्रुपमध्येच टाका, म्हणजे तारखेसकट नोंद होईल. भिंतीचे पैसे काम टिकतंय का त्याला जोडून बोला, आकड्याच्या वादापेक्षा तिथे तुमचा पाय भक्कम आहे.

आता राहिलेलं. सीलिंगसाठी कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. आणि १७ हजारांच्या आसपास भावाचं काही आहे का, तेही.

माडाखाली

तळाशी आहे: "सीलिंग व रंग प्रत्यक्ष मापाप्रमाणे." मी कधी वाचलंच नव्हतं. दर १२५ रुपये फूट, कोटेशनमध्ये ६०० फूट धरलेत. ९ मेला त्याने लिहिलंय, "सीलिंग माप ७३६ फूट, ९२००० होतात." त्या मेसेजवर भावाचा अंगठा आहे! कागदावर तो नव्हता, फोनवर आहे. म्हणजे जे त्याच्या बाजूचं होतं तेही त्याच्या प्रिंटमध्ये आलेलं नाही.

पण कोटेशन माझ्या नावावर आहे, पैसे मी देतेय. भावाचा अंगठा मला लागू होतो का?

कोर्टाची_पायरी

ग्रुपमध्ये त्याला तुम्हीच घेतलंत. याआधी रंग, हँडल, दिवे अशा गोष्टी त्याने ठरवल्या असतील आणि तुम्ही त्या चालवून घेतल्या असतील, तर आता "तो कोण" असं म्हणता येणार नाही.

माडाखाली

हो, दिवे आणि पंखे सगळे त्यानेच ठरवले.

मोजपट्टी

मग १७ हजारांत वाद नको, दर तोच आहे आणि १३६ फूट वाढले. फक्त टेपने एकदा मोजून घ्या. सीलिंगच्या उभ्या पट्ट्यासुद्धा मिस्त्री मापात धरतात, त्यामुळे खोलीच्या क्षेत्रफळापेक्षा माप जास्त येतं. ते धरावं की नाही यावर मी आयुष्यभर लोकांना भांडताना बघितलंय. तुमच्या कोटेशनमध्ये ते लिहिलेलं नसेल.

माळ्यांचं काम तुम्ही मागितलं, दर ठरला नाही. अशा वेळी त्याच कोटेशनमधला जवळचा आयटम धरायचा. कपाटांचं माप काय?

माडाखाली

कपाटं १०० फूट, दर १,६००. माळे दोन्ही मिळून २८ फूट.

मोजपट्टी

म्हणजे त्याने माळ्याला फुटाला १,६४० च्या वर लावलेत, कपाटापेक्षा जास्त. कपाटात ड्रॉवर, चॅनल, कप्पे, कुलपं असतात. माळ्याला दार, बिजागरी आणि खाली फळी. कपाटाच्या दराने धरलं तरी ४४,८०० होतात, आणि तो दर माळ्याला लागू नये असं मी म्हणेन.

सुतारपक्षी

बाराशेच्या आसपास मी घेतो, तेच लॅमिनेट असेल तर. पण माळ्यालाही ७१० घातला असेल तर थोडं वर जाईल. विचारून घ्या.

मोजपट्टी

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची, जी तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलीत पण मोजली नाहीत. तुमचे तिन्ही हप्ते १,९२,०००, २,५६,००० आणि १,२८,००० असतील, म्हणजे ६.४० लाखांचे बरोबर ३०, ४०, २० टक्के. दुसरा आणि तिसरा हप्ता प्लाय बदलल्यानंतर दिलात का? त्याने त्यात वाढीव मागितलं होतं का?

माडाखाली

दुसरा १५ मार्चला, तिसरा २० जूनला. दोन्ही वेळा त्यानेच आकडा लिहून मागितला, कोटेशनप्रमाणेच.

कोर्टाची_पायरी

हे जपून ठेवा. २० जूनपर्यंत तो स्वतः मूळ आकड्यावर हप्ते मागत होता. "ताईंनी पैसे दिले म्हणजे वाढ मान्य केली" असं तो म्हणाला तर त्याला हे उत्तर आहे. वाढीव रक्कम शेवटच्या हप्त्यात धरायची होती असंही तो म्हणू शकेल, पण तसं कुठे लिहिलेलं नाही.

माडाखाली

काल रात्री भावाशी बोलून ग्रुपमध्येच हे लिहिलं, फोन न करता:

"दादा, सगळं चॅट आणि व्हॉइस नोट्स परत बघितल्या. प्लायचे ५८,००० आणि सीलिंगचे १७,००० आम्हाला मान्य आहेत. शेवटच्या हप्त्याचे ६४,००० धरून १,३९,००० आज एनईएफटी करतेय, ते या तीन गोष्टींसाठीच आहेत. माळे आम्ही सांगितले होते, दर ठरला नव्हता, तुमचा दर कशावरून लावला ते सांगा. भिंतीचं २९ मेला ३०-३५ म्हणालात, त्याला आम्ही होकार दिला नव्हता. २ जूनला साठेक म्हणालात, तेव्हाही आमच्याकडून हो गेलेलं नाही. शिवाय कोपऱ्यात रंग फुगलाय, फोटो सोबत. दरवाढीचे २८,००० आधी कुठेच कळवलेले नाहीत, ते मान्य नाहीत."

पैसे पाठवले, पावतीही टाकली. सकाळी त्याचा मेसेज आला: "२८ सोडतो ताई. माळ्याचं माप सुताराला घेऊन येतो. भिंतीचं मी आईंना सांगून केलंय, रविवारी घरी बसून बोलू."

दर्यावर्दी७

बरं केलंत ताई, ब्लॉक केला नाहीत ते. रविवारी जाताय का?

माडाखाली

जातेय, शनिवारी रात्रीच्या गाडीने. भाऊ पुण्याहून थेट येतोय. माझ्या मनात भिंतीसाठी ३५ आहेत, भाऊ म्हणतो पुढचा पावसाळा बघितल्याशिवाय काहीच द्यायचं नाही, आणि आई म्हणते मी सांगितलं होतं तर माझ्या पेन्शनमधून पूर्ण देऊन टाका. तिघांचं आधी आपसात जमायला हवं.

सुतारपक्षी

जे ठरेल ते तिथेच ग्रुपमध्ये टाइप करा आणि त्याच्याकडून "मान्य" लिहून घ्या, अंगठा नको. आणि जाताना टेप न्या, सीलिंगही मोजून होईल.

माडाखाली

टेप घेतलाय. रविवारी रात्री इथे लिहिते.